नवा फोन ‘रीस्टोअर’ झाला, पण सगळं आलं का? जुना फोन पुसण्याआधी हे तपासा

गेल्या महिन्यात शुक्रवारी रात्री माझ्या धाकट्या बहिणीचा, सायलीचा फोन आला. तिने नवा अँड्रॉइड फोन घेतला होता, एक्स्चेंजमध्ये. म्हणजे दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता कुरिअरवाला येऊन जुना फोन घेऊन जाणार होता. ती खुशीत होती. “दादा, सगळं जसंच्या तसं आलंय रे. वॉलपेपरसुद्धा तोच! जुना रीसेट मारू ना?”

मी विचारलं, “सगळं म्हणजे काय काय बघितलंस?”

तिने सांगितलं ते असं: कॉन्टॅक्ट्स आले, जुने एसएमएस आले, कॉल लॉग आला, सगळ्या ॲप्सचे आयकॉन आले. “व्हॉट्सॲप उघडलंस?” “नाही, सिम अजून जुन्या फोनमध्ये आहे. पण आयकॉन आलाय.”

गोची इथेच आहे. आयकॉन आला म्हणजे ॲप आलं. ॲपच्या आत जे होतं ते आलंच असेल असं नाही. सायलीच्या त्या फोनमध्ये घरमालकासोबतचं दोन महिन्यांचं बोलणं होतं. खोली सोडताना 36,000 रुपयांचं डिपॉझिट पूर्ण परत देईन, असं त्याने व्हॉइस मेसेजमध्ये कबूल केलं होतं, आणि पैसे अजून यायचे होते. तेवढा एकच पुरावा तिच्याकडे होता. म्हणून मी तिला म्हटलं, “रीसेटला हात लावू नकोस. आधी अर्धा तास मला दे.”

त्या अर्ध्या तासात (खरं तर दोन तास लागले) आम्ही काय काय तपासलं आणि का, ते इथे लिहितोय.

क्लाउड बॅकअपमध्ये नेमकं काय जातं?

आपल्याला वाटतं की बॅकअप म्हणजे फोनची झेरॉक्स. तसं नसतं. अँड्रॉइडवर Settings > Google > Backup मध्ये गेलात (काही फोनमध्ये हा रस्ता थोडा वेगळा असतो, सेटिंग्जच्या सर्चमध्ये Backup टाइप केलं की सापडतं), तर तिथे यादी दिसते: ॲप्स, एसएमएस, कॉल हिस्टरी, फोनच्या सेटिंग्ज. फोटोंचं बॅकअप गूगल फोटोज वेगळं सांभाळतं. कॉन्टॅक्ट्स गूगल अकाउंटशी सिंक होत असतात, ते तर बॅकअपशिवायही येतात.

यातली ‘ॲप्स’ ही ओळ फसवी आहे. तिचा अर्थ आहे तुमच्याकडे कोणती ॲप्स होती त्याची यादी, आणि प्रत्येक ॲपचा थोडासा डेटा. थोडासा म्हणजे किती? अँड्रॉइडच्या या ऑटो बॅकअपमध्ये एका ॲपला जास्तीत जास्त 25 एमबी जागा मिळते. एखाद्या छोट्या ॲपच्या सेटिंग्ज त्यात आरामात बसतात. सायलीच्या व्हॉट्सॲपमधले मेसेज, फोटो, व्हिडिओ मिळून काही जीबी होते. ते 25 एमबीत बसणं शक्यच नाही.

दुसरी गोष्ट, ॲप बनवणारा या बॅकअपला सरळ नकार देऊ शकतो. ॲपच्या कोडमध्ये एका ओळीत ते ठरतं:

```
android:allowBackup="false"
```

बँकांची आणि पैशाची ॲप्स बहुधा मुद्दाम असं करतात. तुमच्या बँकेच्या ॲपची चावी क्लाउडवरून दुसऱ्याच फोनमध्ये उतरावी, असं त्यांना नकोच असतं. त्यामुळे तो डेटा आला नाही तर काही बिघडलंय असं समजू नका. तो येऊच नये अशी सोय केलेली असते.

म्हणून मी सायलीला ॲप्सचे तीन गट करायला सांगितले. पहिला गट: ज्यांचा डेटा कंपनीच्या सर्व्हरवरच असतो. जीमेल, इन्स्टाग्राम, यूट्यूब, टेलिग्रामच्या साध्या चॅट्स. लॉगिन केलं की सगळं समोर येतं, बॅकअपचा प्रश्नच नाही. फक्त पासवर्ड आठवत असला पाहिजे. दुसरा गट: ज्यांचा डेटा फोनमध्ये असतो, पण त्यांनी स्वतःची वेगळी बॅकअपची सोय ठेवलेली असते. व्हॉट्सॲप, सिग्नल, ऑथेंटिकेटर यातले. तिसरा गट: जे त्या फोनलाच बांधलेले असतात आणि नव्या फोनवर नव्याने नोंदवावे लागतात. यूपीआय आणि बँकेची ॲप्स ही त्यातली.

माणसं अडकतात ती बहुतेक वेळा दुसऱ्या गटात.

व्हॉट्सॲप: आधी तारीख वाचा

जुन्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये Settings > Chats > Chat backup उघडा. वरच शेवटचं बॅकअप कधी झालं आणि किती मोठं आहे ते लिहिलेलं असतं. सायलीने मोठ्याने वाचलं: 19 मार्च. आणि आम्ही बोलत होतो जूनच्या पहिल्या आठवड्यात.

म्हणजे तिने नव्या फोनवर क्लाउडवरून रीस्टोअर केलं असतं, तर 19 मार्चपर्यंतच्या चॅट्स आल्या असत्या आणि त्यानंतरचे अकरा आठवडे कोरे. घरमालकाचा मेसेज मे महिन्यातला होता.

सेटिंग तर ‘रोज’ होतं, मग बॅकअप थांबलं का? जागा संपली म्हणून. गूगल अकाउंटबरोबर 15 जीबी फुकट मिळतात, आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज मिळून वापरतात. पूर्वी व्हॉट्सॲपचं बॅकअप या 15 जीबीत मोजलं जायचं नाही. 2024 पासून ते अँड्रॉइडवरही मोजलं जातं. सायलीचे फोटोच अकरा जीबीचे होते, त्यात व्हॉट्सॲपचे व्हिडिओ. मार्चमध्ये डबा भरला आणि बॅकअप गुपचूप अडकलं. नोटिफिकेशन आलं असणार, तिने बाजूला सारलं असणार. आपण सगळे तेच करतो.

आता आमच्यापुढे दोन मार्ग होते. एक, जागा मोकळी करायची (Include videos हे बटण बंद केलं तरी बॅकअप बरंच लहान होतं), जुन्या फोनवर Back up दाबून ताजं बॅकअप घ्यायचं आणि मग नव्या फोनवर रीस्टोअर करायचं. दोन, क्लाउडला मधे न घेता एका फोनमधून थेट दुसऱ्यात पाठवायचं. दोन्ही फोन हातात होते, म्हणून आम्ही दुसरा मार्ग घेतला.

त्याची रीत अशी. दोन्ही फोन चार्जिंगला लावून शेजारी ठेवा, दोन्हींचं वायफाय आणि लोकेशन चालू असू द्या. जुन्या फोनवर व्हॉट्सॲपमध्ये Settings > Chats > Transfer chats > Start. मग नव्या फोनवर व्हॉट्सॲप उघडा, तोच नंबर टाका, ओटीपी द्या, आणि जुन्या फोनमधून चॅट्स आणण्याचा पर्याय निवडा. नव्या फोनवर क्यूआर कोड दिसेल, तो जुन्या फोनने स्कॅन करा. परवानग्या मागेल त्या द्या. मग काम होईपर्यंत दोन्हीकडे व्हॉट्सॲप उघडंच ठेवा. हे फक्त अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर, किंवा आयफोनवरून आयफोनवर चालतं.

सायलीचं यात पाऊण तास गेला. झाल्यावर मी तिला लगेच शाबासकी दिली नाही. म्हटलं, “तो व्हॉइस मेसेज शोध आणि वाजव.” वाजला. तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

ही ‘वाजवून बघ’ची सवय लावून घ्या. क्लाउडवरून रीस्टोअर करताना व्हॉट्सॲप आधी मेसेज आणतं आणि फोटो, व्हिडिओ मागून सावकाश उतरवतं. त्यामुळे चॅट दिसते, पण आतला फोटो धूसर असतो. हे काम संपायच्या आत जुना फोन पुसला आणि बॅकअपमध्ये व्हिडिओ नव्हतेच, तर ते धूसर चौकोन कायमचे तसेच राहतात.

Skip दाबण्याआधी थांबा

ज्यांच्याकडे जुना फोन नाही, म्हणजे हरवला, पाण्यात पडला, त्यांना क्लाउडचाच मार्ग उरतो. तिथे एक चूक फार महागात पडते.

व्हॉट्सॲप रीस्टोअर करायचं का, हे नव्या फोनवर नंबर नोंदवताना एकदाच विचारतं. त्यासाठी नंबर तोच लागतो आणि ज्या गूगल अकाउंटवर बॅकअप होतं तेच अकाउंट नव्या फोनमध्ये आधी घातलेलं लागतं. तुमची दोन-तीन जीमेल अकाउंट असतील आणि नव्या फोनमध्ये दुसरंच घातलं असेल, तर ‘बॅकअप सापडलं नाही’ असं येतं. मग माणूस वैतागून Skip दाबतो आणि रिकामं व्हॉट्सॲप वापरायला लागतो.

त्या रात्री रिकाम्या व्हॉट्सॲपचं नवं बॅकअप होऊ शकतं. आणि जर ते त्याच अकाउंटवर झालं, तर ते जुन्या बॅकअपच्या जागी जाऊन बसतं. जुनं गेलं. म्हणून चुकून Skip दाबलंच, तर आधी Chat backup मध्ये जाऊन वेळापत्रक Off करा. मग योग्य गूगल अकाउंट फोनमध्ये घाला, व्हॉट्सॲप अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका आणि रीस्टोअरचा प्रश्न पुन्हा येऊ द्या.

अजून एक अडथळा पासवर्डचा. तुम्ही कधीतरी End-to-end encrypted backup चालू केलं असेल, तर रीस्टोअर करताना तेव्हा ठरवलेला पासवर्ड किंवा 64 अंकी की मागितली जाते. पासकी वापरली असेल तर ती. पासवर्ड विसरला तर व्हॉट्सॲपही तो देऊ शकत नाही आणि गूगलही नाही, कारण तो त्यांच्याकडे नसतोच. पण जुन्या फोनवर व्हॉट्सॲप चालू असेल, तर याच ठिकाणी जाऊन तो बदलता येतो. म्हणजे पुन्हा तेच: जुना फोन हातात असेपर्यंत उपाय आहे.

आणि अँड्रॉइड सोडून आयफोन घेताय? ड्राइव्हवरचं व्हॉट्सॲप बॅकअप आयफोन वाचत नाही. तिथे ॲपलचं Move to iOS हे ॲप जुन्या फोनवर टाकून, नवा आयफोन पहिल्यांदा चालू करतानाच व्हॉट्सॲप हलवावं लागतं. आयफोन आधीच सुरू करून वापरायला घेतला असेल, तर तो रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून करावं लागतं.

जे कोणत्याच बॅकअपमध्ये नसतं

टेलिग्राम सायलीने उघडलं, लॉगिन केलं, सगळे ग्रुप दिसले. पण मैत्रिणीसोबतची सीक्रेट चॅट दिसेना. ती येणारच नव्हती. टेलिग्रामच्या साध्या चॅट्स त्यांच्या सर्व्हरवर असतात, पण सीक्रेट चॅट ज्या दोन फोनांमध्ये सुरू झाली तिथेच राहते. तिला बॅकअप नाही, ती हलवताही येत नाही. त्यातला एक पत्ता तिने जुन्या फोनवर बघून कागदावर उतरवून घेतला, बाकीचं सोडून दिलं.

सिग्नल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, त्याच्या चॅट्स गूगलच्या बॅकअपमध्ये जात नाहीत. त्याचं स्वतःचं बॅकअप सिग्नलच्या सेटिंग्जमध्ये जाऊन आधी चालू करावं लागतं आणि त्याची की जपून ठेवावी लागते. दोन्ही फोन जवळ असतील तर तिथेही थेट हलवण्याचा पर्याय आहे.

मग ऑथेंटिकेटर. लॉगिन करताना सहा अंकी कोड देणारं हे ॲप सायली इंटर्नशिपच्या अकाउंटसाठी वापरते. गूगल ऑथेंटिकेटरमध्ये 2023 पासून कोड गूगल अकाउंटशी सिंक करता येतात. पण तुम्ही ‘अकाउंटशिवाय वापरा’ असं निवडलं असेल, तर कोड फक्त त्या फोनमध्येच असतात. हे कसं ओळखायचं? ॲपमध्ये वरच्या बाजूला ढगाचं चिन्ह बघा. ढगावर काट मारलेली असेल तर कोड क्लाउडवर नाहीत. सायलीच्या ढगावर काट होती. नव्या फोनवर ॲपचा आयकॉन होता आणि आत पूर्ण रिकामं. जुना फोन रीसेट झाला असता, तर सोमवारी तिला कामाच्या अकाउंटमध्ये शिरता आलं नसतं.

उपाय दोन मिनिटांचा आहे. जुन्या फोनवर मेनूमध्ये Transfer accounts > Export accounts. क्यूआर कोड येतो, तो नव्या फोनवर Import accounts मधून स्कॅन करायचा. मग एका अकाउंटमध्ये खरंच लॉगिन करून बघायचं.

यूपीआय: इथे हलवायचं काही नाही, नव्याने नोंदवायचं

यूपीआय ॲप तुमचा नंबर तपासायला फोनमधून स्वतः एक एसएमएस पाठवतं. त्यावरून बँकेला कळतं की हे सिम याच फोनमध्ये आहे. फोन बदलला की ही नोंद नव्याने करावी लागते. म्हणून सिम नव्या फोनमध्ये असलं पाहिजे आणि त्यावरून एसएमएस जाण्याइतका रिचार्ज असला पाहिजे. दोन सिम असतील तर बँकेत नोंदलेलं सिम निवडा. नोंदणी सारखी फेल होण्याची कारणं बहुधा एवढीच असतात.

यूपीआय पिन फोनमध्ये साठवलेला नसतो, त्यामुळे तो हरवत नाही. सहसा जुनाच चालतो. मात्र नव्या फोनवर सुरुवातीला पैसे पाठवण्याची मर्यादा कमी ठेवलेली असते. म्हणून घरभाडं किंवा फी भरायच्या दिवशीच फोन बदलू नका. मोठे पैसे आधी पाठवून मोकळे व्हा.

फाइल्स, नोट्स आणि गेम

सायलीचा भाडेकराराचा पीडीएफ डाउनलोड फोल्डरमध्ये होता. नव्या फोनवर नव्हता. डाउनलोड आणि रेकॉर्डिंगचे फोल्डर आपोआप येतील असं धरूच नका. हवं ते ड्राइव्हवर टाका किंवा Quick Share ने सरळ नव्या फोनवर पाठवा. गूगल फोटोजसुद्धा सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याचे फोटो घेतं. व्हॉट्सॲपचे फोटो आणि स्क्रीनशॉट यांचे फोल्डर त्याच्या बॅकअप सेटिंगमध्ये एकेक करून चालू करावे लागतात.

नोट्सचंही तसंच. तिच्या जुन्या फोनमधलं नोट्सचं ॲप त्या फोन कंपनीचं होतं आणि नवा फोन दुसऱ्या कंपनीचा. त्यामुळे तिचा खर्चाचा हिशोब आला नाही. आम्ही महत्त्वाच्या नोट्स शेअर करून तिच्या स्वतःच्याच मेलवर पाठवल्या. गेममध्ये ती ‘गेस्ट’ म्हणून खेळत होती. जुन्या फोनवर तो गेम अकाउंटशी जोडला आणि मग नव्यावर लॉगिन केलं, तेव्हा तिची लेव्हल दिसली.

बॅकअपचीही मुदत असते

शेवटचं, ज्यांचा जुना फोन बिघडून पडलाय त्यांच्यासाठी. गूगलचं फोन बॅकअप कायम राहत नाही. तो फोन 57 दिवस वापरात नसेल तर बॅकअप पुसलं जातं (गूगल फोटोजवर गेलेले फोटो मात्र राहतात). ‘फोन दुरुस्त होऊन येईल मग बघू’ असं म्हणत दोन महिने घालवू नका.

रीस्टोअर करताना जुन्या फोनच्या स्क्रीन लॉकचा पिन किंवा पॅटर्न विचारला जातो, तो लिहून ठेवा. फक्त बोटाने फोन उघडणारे हाच विसरतात. आणि जुन्या फोनमध्ये अँड्रॉइडची आवृत्ती नवी, तर घेतलेल्या फोनमध्ये जुनी असेल, तर रीस्टोअर होत नाही. सेकंडहँड फोन घेणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. आधी नव्या फोनचा अपडेट बघा.

जुना फोन देण्याआधीची परीक्षा

हे सगळं झाल्यावर रात्री बारा वाजता मी सायलीला सांगितलं, “आता जुना फोन एअरप्लेन मोडवर टाक आणि कपाटात ठेव. उद्या दुपारपर्यंत फक्त नवा वापर.” कारण यादी करून सगळं आठवत नाही. वापरताना आठवतं. सकाळी तिला कळलं की मेट्रोच्या ॲपमधलं लॉगिन राहिलंय आणि पासवर्ड फक्त जुन्या फोनमध्ये सेव्ह आहे. कपाटातून फोन काढला, पासवर्ड घेतला, परत ठेवला.

साडेतीनला तिने जुना फोन रीसेट केला. चारला कुरिअरवाला आला. तुम्हाला जमेल तर एक दिवसाऐवजी पूर्ण आठवडा हे करा, आणि एक्स्चेंजची तारीख त्या हिशोबाने घ्या.

आत्ता नवा फोन घ्यायचा नसला तरी एक काम आजच करा: व्हॉट्सॲपचं Chat backup उघडून तारीख वाचा. ती कालची असेल तर ठीक. मार्चची असेल, तर तुमचा फोन आज हरवला तर काय काय जाईल ते तुम्हाला आता माहीत आहे.